दोन सौदे की एकच? युरो, पौंड, रुपया आणि चलनांच्या ताकदीचा तक्ता: कामाच्या नोंदी

कामाचं स्वरूप आधी सांगतो. मी एनएसई या शेअर बाजारावर चलनांचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारे करार, करायचो: डॉलर-रुपया, युरो-रुपया, पौंड-रुपया आणि येन-रुपया. २०२२ च्या सप्टेंबरात एका आठवड्यात असा फटका बसला की त्यानंतर दोन महिने फक्त एकच काम केलं. हातातले दोन सौदे खरोखर दोन आहेत की एकच सौदा दोन नावांनी घेतलाय, हे सौदा टाकण्याआधी दाखवणारा तक्ता बनवला. त्या कामाच्या या नोंदी आहेत. दर अंदाजे, राउंड करून लिहिलेत. चुका झाल्या तशाच ठेवल्यात.

१६ सप्टेंबर २०२२, शुक्रवार

डॉलर ७९.७५ च्या आसपास. माझं मत असं की रुपया ८० ओलांडणार. सगळा पैसा एकाच जोडीत नको म्हणून दोन ठिकाणी वाटला: ऑक्टोबरचे युरो-रुपया ४ लॉट ८०.३० ला घेतले आणि पौंड-रुपया ४ लॉट ९१.५० ला. एक लॉट म्हणजे १,००० युरो किंवा १,००० पौंड. वहीत शेरा लिहिला, "रुपया घसरणार, धोका दोन चलनांत विभागला."

तो शेरा मुद्दाम खोडलेला नाही.

२६ सप्टेंबर २०२२, सोमवार, घटस्थापना

रुपया घसरला. माझं मत बरोबर ठरलं. डॉलर ८० ओलांडून ८१ च्याही वर गेला, आज दुपारी ८१.५० च्या आसपास आहे. आणि माझे दोन्ही सौदे तोट्यात आहेत.

२१ तारखेला अमेरिकेच्या फेड या मध्यवर्ती बँकेने व्याजदर पाऊण टक्क्याने वाढवला. २३ ला दुपारी ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी करकपातीचा छोटा अर्थसंकल्प मांडला आणि पौंड कोसळायला लागला. आज पहाटे आशियाच्या बाजारात तर पौंड १.०४ डॉलरच्याही खाली जाऊन आला. आपला बाजार नऊला उघडतो, तोवर सगळं होऊन गेलं होतं. ठरलेल्या भावाला सौदा आपोआप काढणारा स्टॉपलॉस लावलेला होता, पण बाजार त्याच्या खालीच उघडला.

युरो-रुपया ७९.०५ ला काढला, तोटा लॉटमागे १,२५०. पौंड-रुपया ८७.४० ला काढला, तोटा लॉटमागे ४,१००. चार-चार लॉटचे मिळून २१,४०० रुपये, वर दलाली.

संध्याकाळी शेजारचे काका घट बघायला आले होते. एका बँकेच्या ट्रेझरीतून निवृत्त झालेले. त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "अरे, तुला रुपयावर पैसे लावायचे होते ना? मग यात डॉलर कुठे आहे?"

मी म्हटलं, "काका, डॉलरचा सौदा घेतलाच नाही."

"घेतला नाहीस, विकलास. युरो-रुपया नावाचा बाजार फार छोटा. त्याचा भाव येतो कुठून? युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया. यातला हलणारा भाग पहिला. दुसरा रिझर्व्ह बँक जपून हलू देते. पौंडाचंही तेच. तू दोन वेळा डॉलर पडण्यावर पैसे लावलेस आणि डॉलर चढला."

पुढचं सगळं काम त्यांच्या या चार वाक्यांतून निघालं.

१ ऑक्टोबर २०२२

पहिला प्रयत्न फसला. गेल्या वर्षभराचे युरो-रुपया आणि पौंड-रुपयाचे भाव शीटमध्ये टाकले आणि सरळ भावांवरच `CORREL` लावलं, म्हणजे दोघं किती एकत्र हलतात ते −१ ते +१ मध्ये सांगणारं कोरिलेशन काढलं. आकडा खूप मोठा आला. खूश होऊन येन-रुपया आणि सोन्याचा भावही टाकून बघितला, तर वाट्टेल ते आकडे यायला लागले. तारखा थोड्या पुढे-मागे केल्या की चिन्हसुद्धा उलटायचं.

कारण साधं आहे. दोन भाव वर्षभर एकाच दिशेने सरकत असले की त्यांचा सहसंबंध मोठाच दिसतो, मग रोज ते एकमेकांच्या विरुद्ध का हलेनात. माझा नफा-तोटा रोजच्या बदलातून होतो, म्हणून कोरिलेशन बदलांचंच काढायला हवं. बदलही टक्क्यांत नाही, लॉगमध्ये घेतले. लॉगचा फायदा पुढे तक्ता करताना कळतो: बेरीज-वजाबाकी पैशापैशाला जुळते.

```
=LN(B3/B2)
=CORREL(F3:F62,G3:G62)
```

B मध्ये भाव, F आणि G मध्ये दोन जोड्यांचे रोजचे बदल, खिडकी, म्हणजे हिशोबात घेतलेला काळ, साठ दिवसांची. एक दिवस गेला.

४ ऑक्टोबर २०२२

दुसरा प्रयत्नही फसला, आणि या चुकीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. काकांचं म्हणणं तपासायचं होतं, की युरो-रुपयाची हालचाल मुळात युरो-डॉलरची आहे. एका परदेशी साइटवरून युरो-डॉलरचे रोजचे बंद भाव उतरवले आणि आपल्या युरो-रुपयाशेजारी लावले. कोरिलेशन अगदी फिकं आलं. म्हणजे काका चुकले? दोन रात्री सूत्रं तपासत बसलो.

चूक सूत्रात नव्हती, घड्याळात होती. परदेशी साइटचा "बंद भाव" न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचचा, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे अडीच किंवा साडेतीन. माझा युरो-रुपया आपल्या दुपारचा. दोन्हींवर तारीख एकच, पण मध्ये निम्म्याहून जास्त दिवसाचं अंतर. अमेरिकेत संध्याकाळी जे घडतं ते एका रकान्यात आज दिसतं आणि दुसऱ्यात उद्या. अशा वेळी कोरिलेशन सहसा खऱ्यापेक्षा कमी दिसतं. दोन सौदे वेगळे आहेत असा भ्रम इथूनच तयार होतो, म्हणून हे ठळकपणे लिहून ठेवतोय.

कुणाला हे तपासायचं असेल तर एक रकाना एक दिवस खाली सरकवून पुन्हा कोरिलेशन काढावं. सरकवल्यावरही आकडा भरीव राहिला, तर वेळा जुळत नाहीत असं समजावं.

६ ऑक्टोबर २०२२

काल दसरा, बाजार बंद. दिवसभर बसून माहितीचा स्रोतच बदलला. एफबीआयएल ही दर ठरवणारी संस्था रोज दुपारी डॉलर, युरो, पौंड आणि येनचे रुपयातले संदर्भ दर जाहीर करते. चारही दर एकाच वेळचे. युरो-डॉलर वेगळा आणायची गरजच नाही. युरोच्या दराला डॉलरच्या दराने भागलं की झालं, आणि घड्याळाचा प्रश्न मुळातून मिटतो.

आता आकडे शहाण्यासारखे वागायला लागले. युरो-रुपया आणि पौंड-रुपया यांचं साठ दिवसांचं कोरिलेशन ०.७ च्या जवळ. त्याचा पैशातला अर्थ असा: दोन सारख्या धोक्याचे, एकमेकांशी संबंध नसलेले सौदे घेतले तर एकत्र धोका एका सौद्याच्या १.४१ पट होतो. कोरिलेशन ०.७ असेल तर १.८४ पट. पूर्ण एकच सौदा दुप्पट घेतला असता तर २ पट झाला असता. म्हणजे मी "विभागला" म्हटलेला धोका दुप्पट सौद्याच्या अगदी जवळ होता.

```
=SQRT(2+2*0.7)
```

येनबाबत सूचना. संदर्भ दर १०० येनचा असतो आणि लॉट १,००,००० येनचा. बदल काढताना शंभराने फरक पडत नाही. लॉटची किंमत रुपयांत काढताना पडतो. एका ओळीत मी शंभरपट मोठा येन धरला होता आणि तासभर घाबरून बसलो होतो.

९ ऑक्टोबर २०२२, रविवार

खर्चाची नोंद. "चलनांची ताकद दाखवणारा मीटर" म्हणून एक सशुल्क साधन तीन महिन्यांसाठी ४,५०० रुपयांना घेतलं होतं. आज बंद केलं. त्यात रुपया नाही, आणि ताकद कशी मोजली हे कुठे सांगितलेलं नाही. रंगीत पट्ट्या वर-खाली होतात, पण माझ्या सौद्यात किती रुपये कुठल्या चलनावर लागलेत याच्याशी त्यांचा सांधा जुळत नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

स्वतःचा तक्ता करायला पाच रकाने आणि एक सूत्र पुरतं. पाच चलनं घेतली: डॉलर, युरो, पौंड, येन, रुपया. प्रत्येकाचा रुपयाच्या तुलनेतला लॉग बदल लिहायचा. रुपयाचा स्वतःशी बदल शून्य. मग पाचांची सरासरी काढून प्रत्येकातून वजा करायची. उरतं ते त्या चलनाचं बळ.

```
=F3-AVERAGE($F3:$J3)
```

याची गंमत अशी की कुठल्याही जोडीचा बदल म्हणजे दोन बळांची वजाबाकी, आणि ती नेमकी जुळते. पाच चलनांच्या बळांची बेरीज शून्य, म्हणून स्वतंत्र आकडे फक्त चार. एनएसईवर रुपयाच्या चार जोड्या आणि युरो-डॉलर, पौंड-डॉलर, डॉलर-येन अशा तीन, एकूण सात करार आहेत. सात करार दिसतात, पण त्यांच्या मागे हलणाऱ्या गोष्टी चारच. सातांतले कुठलेही पाच सौदे एका वेळी हातात असले तर त्यातला एक तरी बाकीच्यांत आधीच दडलेला असतो.

१२ ऑक्टोबर २०२२

सप्टेंबरचा फटका आज नव्या तक्त्यात घातला. १६ ते २६ सप्टेंबर, रुपयाच्या तुलनेत बदल: डॉलर अधिक २.२ टक्के, येन अधिक १.५, युरो उणे १.५, पौंड उणे ४.६, रुपया शून्य. सरासरी उणे ०.५. ती वजा केल्यावर बळ असं:

डॉलर +२.७
येन +२.०
रुपया +०.५
युरो −१.०
पौंड −४.१

मी बराच वेळ तिसऱ्या ओळीकडे बघत बसलो. त्या दहा दिवसांत सगळीकडे "रुपया ऐतिहासिक नीचांकावर" असं छापून येत होतं, आणि ते खरंही होतं, डॉलरच्या तुलनेत. पण पाच चलनांच्या रांगेत रुपया बरोबर मधला होता, किंचित बळकटच. (येनही बळकट दिसतो, कारण २२ तारखेला जपानने बाजारात उतरून येन सावरला होता.) घसरत्या रुपयावर पैसे लावायचे होते तर समोर चढणारं चलन ठेवायला हवं होतं. मी समोर ठेवली ती रांगेतली शेवटची दोन.

मग सौद्याच्या बाजू मांडल्या. युरो-रुपया घेणं म्हणजे युरो घेणं आणि रुपया विकणं. चार लॉटचे ३.२१ लाख. पौंडाचे ३.६६ लाख. म्हणजे युरो +३.२१, पौंड +३.६६, रुपया −६.८७. प्रत्येक रकमेला त्या चलनाच्या बळाने गुणलं. लाखाला टक्क्याने गुणलं की थेट हजारात उत्तर येतं:

युरो: ३.२१ × −१.० = −३.२ हजार
पौंड: ३.६६ × −४.१ = −१५.० हजार
रुपया: −६.८७ × +०.५ = −३.४ हजार

एकूण सुमारे २१,६०० चा तोटा. प्रत्यक्षात झाला २१,४००. फरक राउंडिंगचा आणि फ्युचरचा भाव रोख भावापेक्षा थोडा वर असतो त्याचा. हिशोब जुळला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की तक्ता भरवशाचा आहे. काकांना फोन केला. "आता रुपयाची ओळ वाच," एवढंच म्हणाले. तीच ओळ. ज्या रुपयावर माझं मत "बरोबर" ठरलं होतं, त्या रुपयाच्या बाजूनेही मला ३,४०० चा तोटा दिला होता.

१४ ऑक्टोबर २०२२

तक्त्यात एक भोक सापडलं. वरच्या मांडणीत डॉलरची ओळ शून्य आहे. नुसत्या बाजू मोजल्या तर सप्टेंबरच्या सौद्यात डॉलर नाहीच, आणि सगळ्यात मोठी पैज रुपयावर दिसते. प्रत्यक्षात डॉलर सगळ्यांना ओढत होता: तो चढला की युरो आणि पौंड दोघंही खाली येतात. बाजू मोजून हे दिसत नाही, त्यासाठी कोरिलेशनच लागतं.

म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. वर बाजूंचा हिशोब, खाली सौद्यांचं कोरिलेशन. खालच्या भागात चिन्ह सांभाळायचं: घेतलेला सौदा अधिक, विकलेला उणे, आणि कोरिलेशन सौद्याच्या नफ्या-तोट्याचं काढायचं, भावाचं नाही. एक जोडी घेतली आणि तिच्यासारखीच दुसरी विकली, तर भावांचं ०.७ सौद्यांचं −०.७ होतं, आणि तिथे धोका खरोखर कमी होतो.

दुसरी गोष्ट, जिने मी अर्धा दिवस फसलो. सौद्यांऐवजी बळांचं एकमेकांशी कोरिलेशन काढून बघत होतो आणि बरीच उणे चिन्हं बघून वाटलं की चलनं एकमेकांना छान सावरतात. ते खरं नाही. पाच आकड्यांची बेरीज सक्तीने शून्य केली की एक वर गेलं म्हणजे बाकीच्यांना थोडं खाली यावंच लागतं. पाच चलनं पूर्ण स्वतंत्र आणि सारख्याच चंचल असती, तरी त्यांच्या बळांचं कोरिलेशन शून्य नाही, −०.२५ आलं असतं. म्हणून बळांचा तक्ता फक्त "कोण कुठे आहे" आणि "कुठल्या ओळीतून किती पैसे गेले" यासाठी ठेवला. कोरिलेशन सौद्यांचंच काढतो.

सरासरीची मर्यादाही इथेच लिहितो. पौंड एकटा ५ टक्के कोसळला तर बाकी चौघं काही न करता प्रत्येकी १ टक्का बळकट दिसतात. सप्टेंबरातला रुपयाचा +०.५ काही अंशी असाच आला. पौंड काढून चौघांचीच सरासरी घेतली तर ती +०.५५ येते आणि रुपया −०.५५ वर जातो. सौद्याचा एकूण हिशोब बदलत नाही, कारण वजाबाकी तीच राहते, पण एका चलनाला "बळकट" किंवा "दुबळं" म्हणताना रांगेत कोण कोण बसवलंय हे सांगायलाच हवं. आता असा मोठा फटका कुणा एकाला बसला की तक्ता त्याला वगळून दुसऱ्यांदा काढतो आणि दोन्ही बघतो.

२१ ऑक्टोबर २०२२

नियम ठरवले. सौद्यांचं चिन्हासकट कोरिलेशन ०.५ च्या वर असेल तर दोन्ही मिळून एकच सौदा धरायचा आणि एका सौद्याला परवडणारा तोटाच दोघांत वाटायचा. ०.५ या आकड्यात शास्त्र नाही. तिथे एकत्र धोका १.७३ पट होतो, आणि त्याच्या पुढे मला स्वस्थ झोप लागत नाही.

दुसरा नियम: लॉट मोजायचे नाहीत, रुपयांतला रोजचा चढउतार मोजायचा. पौंडाचा लॉट युरोच्या लॉटपेक्षा किमतीने मोठा आणि वर पौंड जास्त उसळतो. "चार आणि चार" म्हणजे समान, असं समजणं ही सप्टेंबरातली वेगळीच चूक होती.

९ नोव्हेंबर २०२२, बुधवार

तक्त्याची पहिली खरी परीक्षा. उद्या संध्याकाळी सातला अमेरिकेच्या महागाईचा आकडा येणार आहे. रुपयाचे करार पाचला बंद होतात, म्हणजे त्या आकड्याला उत्तर द्यायला परवा सकाळ उजाडेल.

मनात दोन सौदे होते. पौंड अजून दुबळा वाटतो, म्हणून पौंड-रुपया २ लॉट ९२.७० च्या आसपास विकायचे. रुपयाही घसरेल असं वाटतं, म्हणून डॉलर-रुपया २ लॉट घ्यायचे. एकात रुपया घेतला, दुसऱ्यात रुपया विकला, वरवर समतोल दिसतो. दोन भावांचं साठ दिवसांचं कोरिलेशनही शून्याजवळ. नियमाप्रमाणे दोन वेगळे सौदे, हरकत नाही.

पण बाजूंचा हिशोब वेगळंच सांगत होता. पौंड −१.८५ लाख, डॉलर +१.६३ लाख, रुपया फक्त +०.२२. रुपया जवळजवळ कटून गेला. उरला तो पौंड विकून डॉलर घेण्याचा एकच सौदा, म्हणजे पौंड-डॉलरची मंदी.

मग कोरिलेशन शून्य का? यावर संध्याकाळ गेली. उत्तर असं की डॉलर-रुपया आणि पौंड-रुपया यांच्यात दोन विरुद्ध ओढी आहेत. रुपया स्वतःहून हलतो त्या दिवशी दोन्ही भाव एका दिशेला जातात. डॉलर जगभर हलतो त्या दिवशी ते विरुद्ध दिशांना जातात. साठ दिवसांत दोन्ही प्रकारचे दिवस मिसळतात आणि सरासरी शून्य दिसते. उद्याचा दिवस मात्र मिसळलेला नाही. अमेरिकेचा महागाईचा आकडा म्हणजे शुद्ध डॉलरचा दिवस, आणि त्या दिवशी माझे दोन्ही सौदे एकत्रच जिंकणार किंवा एकत्रच हरणार.

पौंडाचा सौदा सोडला. डॉलर-रुपया २ ऐवजी १ लॉट घेतला.

११ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार

आकडा ७.७ टक्के, अपेक्षेपेक्षा कमी. डॉलर जगभर आपटला. काल दुपारपासून आज दुपारपर्यंत पौंड डॉलरसमोर जवळजवळ ३ टक्के वर, युरो २ टक्के, येन ३ टक्क्यांहून जास्त. आज सकाळी रुपयाही वधारून उघडला, डॉलर सुमारे १ टक्का खाली. माझ्या एका लॉटचा तोटा ८०० रुपयांच्या आसपास.

दोन्ही सौदे घेतले असते तर? पौंड-रुपया सुमारे १.८ टक्के चढला: १.८५ × १.८ म्हणजे ३,३०० गेले असते. डॉलर-रुपयात १.६३ × १.० म्हणजे आणखी १,६००. एकूण ४,९०० च्या वर. १.८ आणि १.० ची बेरीज २.८, म्हणजे पौंड-डॉलर जेवढा चढला नेमका तेवढा. "समतोल" सौद्याच्या आत कुठली जोडी बसली होती, ते एका रात्रीत उघड झालं.

आजचं बळ: येन +१.५, पौंड +१.०, युरो +०.२, रुपया −०.८, डॉलर −१.८. रुपया डॉलरसमोर वधारला म्हणून बातम्या आहेत आणि रांगेत तो खालून दुसरा. सप्टेंबरात घसरताना तो मध्ये होता. आता डॉलर पडताना त्याच्या मागोमाग पडतोय. रुपया डॉलरचा पदर धरून चालतो, हे या दोन तक्त्यांमुळे मला डोळ्यांनी दिसलं.

२६ नोव्हेंबर २०२२

खिडकी किती दिवसांची ठेवायची यावर प्रयोग केला. वीस दिवसांची खिडकी चटकन बदलते, पण एखाद्या मोठ्या दिवसामुळे आकडा उडतो आणि तो दिवस खिडकीतून बाहेर पडला की धपकन खाली येतो, बाजारात काही झालेलं नसतं तरी. साठ दिवसांची स्थिर आहे, पण उशिरा कळवते. दोन्ही रकाने ठेवले. दोघांत मोठा फरक पडला की सौदा टाकण्याआधी कारण शोधतो.

जुना एक दिवसही बघितला: २४ जून २०१६, ब्रेक्झिटच्या सार्वमताचा निकाल. पौंड डॉलरसमोर ८ टक्क्यांच्या आसपास पडला, युरो अडीच टक्क्यांच्या आत. दिशा एकच, पण माप तिपटीहून वेगळं. कोरिलेशन दिशेची सोबत सांगतं, मापाची नाही. म्हणून एक पौंड-रुपया विकून एक युरो-रुपया घेतला की "कटलं", असं मी आता धरत नाही. उरतो तो युरो-पौंडचा सौदा, आणि अशा दिवशी तो एकटा पुरेसा मोठा असतो.

५ मे २०२४

बऱ्याच दिवसांनी नोंद. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३ तारखेपासून रुपयाचे करार फक्त त्यांनाच, ज्यांचं त्या चलनात प्रत्यक्ष देणं-घेणं आहे. माझं नाही, म्हणून सगळे सौदे एप्रिलमध्येच बंद केले. नोंदी वाचून कुणी सुरू करणार असेल तर हे आधी बघावं.

तक्ता मात्र चालू आहे. कोल्हापूरला शिरोलीत मित्राची फौंड्री आहे. त्याचा माल जर्मनीला युरोत आणि इंग्लंडला पौंडात जातो, आणि जपानहून घेतलेल्या मशीनचे हप्ते येनमध्ये जातात. तो म्हणत होता, "दोन देशांत गिऱ्हाईक आहे, एक बिल उघडं ठेवलं तरी चालतंय की." त्याची येणी-देणी तक्त्यात टाकली: युरो अधिक, पौंड अधिक, येन उणे, रुपया उणे. मग तीनही ओळींचं कोरिलेशन काढलं. युरो आणि पौंडाची बिलं जवळपास एकाच दिशेने हलतात. येनचा हप्ता त्यातला काही भाग खातो, पण येन स्वतःच्या कारणांनी उसळतो तेव्हा नाही.

त्याने पौंडाची दोन बिलं बँकेत फॉरवर्डने बांधली, म्हणजे पुढचा दर आजच ठरवून घेतला. युरोचं जूनचं बिल आणि येनचा जूनचा हप्ता उघडे ठेवलेत. पुढची नोंद ते दोन्ही चुकते झाल्यावर.